“उद्या या” म्हणणाऱ्या खिडकीबद्दल

मित्रांनो, कॉलेजच्या ऑफिसातली ती जाळीची खिडकी तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. आत पंखा, बाहेर आपण. पूर्वी हाकलून द्यायचे तर तोंडानं हाकलायचे. आता कोणी शिवी देत नाही, जात विचारत नाही. जात फायलीवर आधीच लिहिलेली असते. ‘स्कॉलरशिपवाली’ एवढं म्हटलं की भागतं. मग एकच शब्द बाहेर येतो: उद्या. हा उद्या म्हणजे नवा विटाळ आहे असं मी म्हणतो. कोणाला हे भडक वाटत असेल तर त्यानं स्कॉलरशिपच्या यादीतल्या पोराबरोबर एकदा टी.सी. आणायला जावं.

मी गेलो होतो. आमच्या वस्तीतली पोरगी, तालुक्याच्या अनुदानित कॉलेजातून बी.ए. झाली. एम.एस.डब्ल्यू.ला दुसऱ्या विद्यापीठात नंबर लागला. प्रवेश तात्पुरता. टी.सी. आणि मायग्रेशन 18 जुलै 2025 च्या आत जमा करा, नाहीतर जागा गेली.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण खिडकीची सगळी ताकद यातच आहे. टी.सी. कॉलेज देतं. मायग्रेशन कॉलेज देत नाही, ते विद्यापीठ देतं. पण विद्यापीठ अर्जाबरोबर टी.सी.ची प्रत मागतं. म्हणजे कॉलेजनं एक कागद दाबला की दुसरा आपोआप दाबला जातो, आणि बोट मात्र एकच ठेवावं लागतं. पोरं म्हणतात, “मायग्रेशनला उशीर होतोय.” अरे, मायग्रेशनचा अर्जच अजून कुठं गेलेला नसतो.

आणि टी.सी. लिहायला लागतं काय? जनरल रजिस्टर काढायचं, पोरीचं पान उघडायचं. नाव, जन्मतारीख, जात, प्रवेशाची तारीख, सोडल्याची तारीख, वर्तणूक, शेरा. टी.सी. बुकात उतरायचं, प्राचार्यांची सही, गोल शिक्का. सगळं मिळून अर्धा तास. या अर्ध्या तासासाठी पोरगी 17 जूनला गेली, ग्रंथालय, जिमखाना, हिशेब विभाग सगळ्यांच्या सह्या असलेला नादेय दाखला जोडून. मग 20, 24, 27 जून. मग 1 आणि 4 जुलै. एकदा क्लार्क रजेवर, एकदा साहेब मीटिंगला, एकदा बुक संपलं. एस.टी.त बायांना अर्धं तिकीट आहे म्हणून भाडं तरी निम्मं लागलं. तिच्या आईचे बुडालेले खाडे निम्मे झाले नाहीत.

सहाव्या खेपेला खरं कारण जाळीतून बाहेर आलं. “तुझी यंदाची स्कॉलरशिप आली नाही. 3,860 रुपये भर, मग टी.सी. घे.”

नादेय दाखल्यावर हिशेब विभागाची सही असताना ही बाकी उगवली कुठून? तर अशी: भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत 2020-21 पासून केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. केंद्राचा वाटा थेट पोराच्या बँक खात्यात. तेव्हापासून ऑफिसची नजर समाजकल्याणकडून फिरली ती आपल्या खिशावर आली. हप्ता खात्यात पडला असेल आणि त्यात कॉलेजची फी असेल, तर ती कॉलेजची. ती द्यायची, पावती घ्यायची. ग्रंथालयाचं पुस्तक हरवलं तर त्याचीही किंमत द्यायची. यात मी वाद घालत नाही. पण इथं हप्ता पडलाच नव्हता. बाकीदार सरकार, आणि ओलीस पोरगी! सरकारकडे तगादा लावायची यांची छाती नाही.

आपली पोरं यावर काय करतात? एक तर हात जोडतात, नाहीतर पाच-पन्नास जण जमवून घोषणा देतात. घोषणांना माझा विरोध नाही. पण घोषणेला आवक क्रमांक नसतो. सहा खेपा झाल्या त्याचा त्या ऑफिसात एक चिटोरा नव्हता. प्राचार्य सरळ म्हणू शकले असते, ही मुलगी इथं आलीच नाही. उद्या हा तोंडी शब्द आहे आणि तो तोंडीच जगतो. म्हणून 7 जुलैला आम्ही बसलो आणि अर्ज लिहिला. विनवणी नाही, शिवीगाळ नाही. जसाच्या तसा देतो:

“मा. प्राचार्य यांस, मी बी.ए. उत्तीर्ण असून टी.सी.साठी दि. 17 जून रोजी नादेय दाखल्यासह अर्ज दिला आहे. त्यानंतर दि. 20, 24, 27 जून, 1 व 4 जुलै रोजी कार्यालयात आले. दाखला मिळाला नाही. नव्या विद्यापीठात कागद देण्याची अखेरची तारीख 18 जुलै आहे. तरी टी.सी. 10 जुलैपर्यंत द्यावी, म्हणजे मायग्रेशनसाठी विद्यापीठाकडे अर्ज करता येईल. देता येत नसल्यास कोणत्या नियमाखाली, आणि बाकी असल्यास कोणत्या वर्षाची, कशाची व किती, ते लेखी कळवावे.”

दोन प्रती. एक त्यांना, दुसरीवर पोच: आवक क्रमांक, तारीख, शिक्का. आवक-जावकवाला म्हणाला, “ठेवून जा, शिक्का नंतर मारतो.” आम्ही ठेवला नाही. शिक्का नाकारला तर तिथं भांडत बसू नका, पोस्टात जा. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा आता स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. आमच्या वेळी शिक्का पडला. ‘कोणत्या नियमाखाली’ हे वाचून हेडक्लार्क आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

9 तारखेला टी.सी. मिळाली. पण खुन्नस काढलीच! शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: फी बाकी. टी.सी. हातात आली की घरी पळू नका. खिडकीसमोरच वाचा. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, जात, शेरा. पोरीनं तिथल्या तिथं कागद परत सरकवला. म्हणाली, “हे लिहायचं तर अर्जाचं उत्तर आधी द्या. कुठल्या वर्षाची बाकी?” उत्तर नव्हतं. टी.सी. बुकात त्या पानावर ‘रद्द’ लिहिलं गेलं, पुढच्या पानावर कोरी टी.सी. निघाली. अर्धा तासही लागला नाही.

दुसऱ्याच दिवशी मायग्रेशनचा अर्ज विद्यापीठात. फी भरल्याची पावती मिळाली, कागद 18 तारखेपर्यंत मिळाला नाही. इथं तो शिक्का दुसऱ्यांदा कामाला आला. नव्या विद्यापीठाला तिनं मुदतवाढीचं पत्र दिलं. सोबत टी.सी., मायग्रेशनच्या फीची पावती, आणि आवक क्रमांकाची ती प्रत. उशीर कोणाचा हे कागदच सांगत होता. 15 दिवस मिळाले, जागा राहिली. ऑक्टोबरात हप्ता खात्यात पडला तेव्हा कॉलेजची फी तिनं भरली. पावती लगेच मिळाली.

ज्यांच्या अर्जालाही उत्तर येणार नाही त्यांच्यासाठी: यू.जी.सी.च्या 2023 च्या नियमांप्रमाणे कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिच्यावर अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसींपैकी निदान एक जण हवा, आणि तिनं 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायला हवा. त्यावर विद्यापीठाचा लोकपाल. मात्र 15 कामाचे दिवस म्हणजे तीन आठवडे, तेवढ्यात प्रवेशाची मुदत उलटून जाते. म्हणून समितीकडे जाताना नव्या विद्यापीठाकडे मुदतवाढीचं पत्र त्याच दिवशी टाका. आमच्या भागातली चार कॉलेजं आम्ही या समितीसाठी पालथी घातली. तिघांकडे फलक नाही. चौथ्याकडे आहे, जिन्याखाली. त्यावरचे दोन सदस्य केव्हाच रिटायर झालेत.