बोली मराठी, हुकूम इंग्रजी?

पालकांसाठीची सूचना फोनला बोलून सांगत होतो: 'वही कॉमा पेन्सिल कॉमा डबा आणा.' पडद्यावर 'कॉमा' हा शब्दच दोनदा उमटला. 'नवी ओळ' म्हटलं, तेही अक्षरांतच. फोनचा मेनू इंग्रजी, बोलणं मराठी. त्या भाषेची हुकमांची यादीच नसली की हुकूम मजकूर होतो.

मिरजेत आम्ही दोन्ही भाषा बोलतो. म्हणून हुकूम मेनूच्या नव्हे, बोलण्याच्या भाषेचा असावा. मराठीत 'कॉमा' आणि 'स्वल्पविराम' दोन्ही चालावेत, उर्दूत '،' हेच चिन्ह उमटावं.

तोवर 'शोधा आणि बदला'मध्ये आधीच्या मोकळ्या जागेसकट ' कॉमा' शोधून ',' घाला. विरामचिन्हांचा धडा असेल, तर एकेक तपासून बदला. नाहीतर धड्यातला कॉमाही जाईल.