शॉवरच्या डबीत किती मावतं?

आमच्या वसतिगृहातल्या मुलींनी वर्गणी काढून शॉवरला फिल्टर लावायचं ठरवलंय. केस गळतात, अंग ओढल्यासारखं होतं, आणि खापर फुटतं बोअरच्या पाण्यावर. वर्गणी मीही देणार होते. पण आधी कागदावर हिशेब मांडला, आणि आता माझा ठाम विरोध आहे.

पाणी जड होतं ते विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे. इथे हैदराबादेत बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना नळावरचा पांढरा थर ओळखीचा आहे. समजा, लिटरमागे 400 मिलिग्रॅम क्षार आहेत. शॉवरखाली 40 लिटर पाणी गेलं, तर एका अंघोळीत 16 ग्रॅम क्षार झाले. पाणी मऊ करणारे रेझिनचे मणी लिटरभर घेतले, तर साधारण 50 ग्रॅम क्षार धरतात. शॉवरच्या डबीत मणी मावणार फार तर 100 मिलिलिटर, म्हणजे 5 ग्रॅमची सोय. बारा-तेरा लिटरांत खेळ खलास! डोक्याचा शॅम्पूही तोवर धुऊन झालेला नसतो. मोठ्या सॉफ्टनरमध्ये हेच मणी मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे करतात. या डबीत बहुधा ती सोय नसते.

मग 'कार्ट्रिज तीन महिने चालतं' म्हणतात ते कशाच्या जोरावर? क्लोरीनच्या. आतले तांबे-जस्ताचे कण आणि कॅल्शियम सल्फाइट क्लोरीन कमी करतात, क्षार नाही. नळाच्या पाण्याला त्याचा थोडा उपयोग आहे. बोअरच्या पाण्यात क्लोरीनच घातलेलं नसेल, तर डबी काढणार काय?

ज्यांच्याकडे नळाचं पाणी आहे त्यांनी कार्ट्रिज सांगितलेल्या मुदतीत, आणि धार बारीक झाली तर त्याआधीच बदलावं. ओलं, उबदार, गाळाने भरलेलं कार्ट्रिज म्हणजे जंतूंचं घर.

आता त्वचेचं. इंग्लंडमध्ये इसबाच्या 336 मुलांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2011 मध्ये आले. तिथे घरात खरे सॉफ्टनर बसवले होते. तरी नेहमीच्या उपचारापेक्षा इसब जास्त कमी झाला नाही. केसांचं म्हणाल, तर जड पाण्यात साबणाचा चिकट साका केसांवर बसतो. ते राठ होतात, गुंततात, तुटतात. मुळापासून गळणं वेगळं. त्याला रक्तातलं लोह तपासा, डॉक्टरांना दाखवा.

माझ्यावर विश्वास नसेल तर कुणाच्या तरी फिल्टरचं पाणी एका बाटलीत आणि थेट नळाचं दुसरीत अर्धं अर्धं घ्या, दोन्हींत साबणाचा सारखाच कीस टाकून हलवा. दोन्हींत फेसाऐवजी गढूळ साकाच आला, तर फिल्टरने पाणी मऊ केलेलं नाही. टीडीएस मीटर इथे कामाचा नाही, कारण मणी कॅल्शियम घेऊन सोडियम सोडतात आणि आकडा जवळपास तोच राहतो.

मी सध्या डोक्याला साबण लावत नाही, शॅम्पू लावते, आणि शेवटचे दोन तांबे पिण्याच्या आरओ पाण्याचे घेते. वर्गणीचे पैसे मी दिलेले नाहीत. मजल्यावर अजून थोडा अबोला आहे.