छत्री मिटा, उरलेला प्रश्न दाखवा

पोस्टडॉकच्या अर्जासोबत दोन पानांचं संशोधन-निवेदन मागतात. आजवर काय केलं, पुढे काय करणार आणि या दोन्हींचा संबंध काय, एवढंच त्यात सांगायचं असतं. त्यावर सीनियर मंडळींचा ठरलेला सल्ला असतो : "सगळी कामं एका छत्रीखाली आण." मग 'शाश्वत विकास', 'हवामानबदल', 'आंतरविद्याशाखीय दृष्टिकोन' अशा छत्र्या उघडतात. माझं म्हणणं असं की हा सल्ला वाईट आहे. छत्रीखाली उभे असलेले लोक एकमेकांचे कुणी लागत नाहीत. फक्त पाऊस सारखा असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका मुलीची तीन कामं झाली आहेत. एम.एस्सी.ला तिने दख्खनच्या बेसाल्टवरच्या एका गावात दर आठवड्याला विहिरींची पाणीपातळी मोजली. पीएच.डी.त पाण्यातल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांवर काम केलं. नंतर एका प्रकल्पात नोकरी म्हणून उपग्रहचित्रांवरून शेततळी मोजली. छत्रीवाला मसुदा म्हणेल : 'शाश्वत जलव्यवस्थापन हा माझ्या संशोधनाचा गाभा आहे.' हे वाक्य निवड समितीसमोरच्या निम्म्या अर्जांत चालेल. म्हणजेच ते या मुलीबद्दल काहीच सांगत नाही.

आता तीच कामं दुसऱ्या बाजूने पाहा. प्रत्येक कामाने काय सांगितलं यापेक्षा काय सांगता आलं नाही, ते विचारा.

विहिरींच्या नोंदींतून दिसलं की पाऊस तोच, खडक तोच, तरी काही विहिरी जानेवारीतच तळ गाठतात आणि काही मेपर्यंत टिकतात. का, ते नुसत्या पातळीवरून कळत नाही. कदाचित काही विहिरींना वरच्या पाझर तलावातून पाणी मिळत असेल. हे तपासायला समस्थानिक उपयोगी पडतात. उघड्यावर साठलेल्या पाण्याची वाफ होताना हलके रेणू आधी उडतात, जड मागे उरतात. ही खूण विहिरीच्या पाण्यात सापडली, तर त्यात तलावाचं पाणी मिसळलंय असं म्हणता येतं. ती काही विहिरींत सापडली; पण त्यांतल्याही काही विहिरी लवकरच आटत होत्या. म्हणजे येणाऱ्या पाण्याने कोडं सुटलं नाही. जाणारं पाणी बघायचं राहिलं.

इथे शेततळी येतात. प्लास्टिक अंथरलेलं तळं पावसाळ्यानंतर, डिसेंबरच्या निरभ्र चित्रांत भरताना दिसलं आणि जवळ कालवा नसला, तर ते बहुधा विहिरीतून किंवा बोअरमधून उपसलेलं पाणी असतं. तीस बाय तीस मीटरच्या, तीन मीटर खोल तळ्यात, बाजूंचा उतार धरून, सुमारे २० लाख लिटर पाणी मावतं. मात्र चित्रातून क्षेत्रफळ कळतं, खोली कळत नाही. ती जागेवर जाऊन मोजावी लागते.

आता निवेदनाचं पहिलं वाक्य लिहिता येतं : 'बेसाल्टमधलं पाणी पावसाळ्यानंतर किती उपशाने जातं आणि किती आपोआप ओढ्याला मिळतं, हे मला वेगळं करायचं आहे.' पुढची योजनाही त्यातूनच निघते. तळ्यांच्या भरण्यावरून उपशाचा किमान आकडा काढायचा आणि त्या काळातल्या विहिरींच्या घसरणीशी तो ताडून पाहायचा. भूजल-प्रवाहाचं मॉडेल तिच्याकडे नाही, ते यजमान प्रयोगशाळेकडे आहे; म्हणून अर्ज तिथेच. तळ्यांजवळच्या विहिरी लांबच्या विहिरींपेक्षा लवकर आटत नसतील, तर हा अंदाज पडेल. तेही लिहावं. जो प्रश्न चुकूच शकत नाही, तो प्रश्न नसून पुन्हा छत्रीच.

यावर एक आक्षेप येतो : हे सूत्र मागाहून जुळवलेलं आहे. आहेच. पहिला विषय गाईडने दिला, तिसरं काम पगारासाठी घेतलं. मागे वळून दुवा शोधणं ही लबाडी नव्हे. 'सुरुवातीपासून माझ्या मनात हेच होतं' असं लिहिणं ही लबाडी. 'पहिल्या कामात हे उरलं, तिसऱ्या कामातली पद्धत त्याला लागू पडते' हे विधान खरं आहे आणि तपासता येतं.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे : समितीला वेळ नसतो, तेव्हा मोठे शब्द सुरक्षित. पण वेळ नसलेला वाचक ओळखीचे शब्द गाळूनच वाचतो. तो थांबतो जानेवारीत आटणाऱ्या विहिरीपाशी.

आणि जे काम या साखळीत बसत नाही? समजा, तिचा फ्लोराइडवर एक पेपर आहे. तो बायोडेटात राहू द्यावा. त्याला ओढूनताणून आत घेतलं की तिथे 'व्यापक' हा शब्द लागतो आणि छत्री पुन्हा उघडते.

आपला मसुदा तपासायची एक सोपी रीत आहे. जुन्या कामांच्या परिच्छेदांची अदलाबदल करून बघा. काहीच बिघडलं नाही, तर तुमच्याकडे सूत्र नाही, यादी आहे.