रक्कम नेमकी कोणत्या खात्यातून गेली?

बँकेत असताना तक्रार घेऊन आलेला ग्राहक बहुधा एकच वाक्य बोलत असे : "साहेब, माझे पैसे गेले." त्यावर माझाही प्रश्न ठरलेला असे : "कोणत्या खात्यातून?" निवृत्तीनंतर हाच प्रश्न मला घरच्यांनाच विचारावा लागेल, असे वाटले नव्हते.

गेल्या श्रावणात आम्ही सारे कुटुंबीय बीडहून कपिलधारला गेलो होतो. मांजरसुंब्याच्या डोंगररांगांतील हे स्थान मन्मथस्वामींच्या समाधीमुळे सर्वपरिचित आहे; पावसाळ्यात तेथील धबधबा पाहण्यासही पुष्कळ लोक येतात. ताईचा नातू तिचाच फोन घेऊन धबधब्याचे चित्रण करीत होता. दुपारी जेवणाच्या वेळी फोनवर संदेश आला की, आजचा दीड जीबी डेटा संपला. ताईने शिल्लक पाहिली, तर २१ रुपये ७५ पैसे. "अरे, मी वैशाखात चांगले शंभर रुपये भरले होते. सव्वाअठ्ठ्याहत्तर रुपये गेले कुठे?" असे म्हणत तिने नातवाकडे पाहिले. मुलाचा चेहरा उतरला. मग रिचार्ज करून देणाऱ्या दुकानदाराचेही नाव निघाले. दोन निरपराध माणसांवर आळ आला होता. म्हणून संध्याकाळी घरी परतल्यावर मी वही-पेन घेऊन बसलो.

वाचकहो, प्रीपेड फोनमध्ये दोन स्वतंत्र खाती असतात, हे प्रथम ध्यानात घ्यावे. एक पॅकचे, त्यात रोजचा डेटा आणि कॉल येतात. दुसरे मुख्य शिलकीचे, म्हणजे टॉकटाइमचे. आजच्या बहुतेक पॅकमध्ये रोजचा डेटा संपला की वेग अगदी मंद होतो. मुख्य शिलकीतून पैसे कापले जात नाहीत. म्हणजे धबधब्याच्या चित्रणाने डेटा संपला असेल, पण रुपये गेले नसणार. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी दिसल्या, म्हणून एकीचा दोष दुसरीवर आला.

आधी डेटाचा हिशेब पाहू. नातवाने बारा-तेरा मिनिटांचे चित्रण केले होते. उत्तम प्रतीच्या चित्रणाचे एक मिनिट साधारण १२० ते १३० एमबी जागा घेते. म्हणजे एकूण दीड जीबीच्या घरात. चित्रण फोनमध्ये राहिले असते तर डेटा मुळीच खर्च झाला नसता. परंतु छायाचित्रांची प्रत आपोआप इंटरनेटवर साठवणाऱ्या ॲपला मोबाइल डेटा वापरण्याची मुभा दिलेली होती. आम्ही देवदर्शनात होतो आणि खिशातला फोन पडद्याआड सारे चित्रण वर चढवीत होता. हे ओळखण्याची जागा म्हणजे सेटिंग्जमधील डेटा वापराची यादी. कोणत्या ॲपने किती डेटा घेतला, हे तेथे उतरत्या क्रमाने दिसते. आमच्या यादीत तेच ॲप सर्वांत वर होते. त्या ॲपच्या सेटिंगमध्ये बॅकअप केवळ वायफायवर व्हावा असे ठरविले. व्हॉट्सॲपमध्येही Storage and data या भागात When using mobile data असे लिहिलेले असते. तेथील खुणा काढल्या म्हणजे समूहांतले व्हिडिओ आपोआप उतरत नाहीत.

आता मुख्य शिलकीचा हिशेब. ताई शंभरातून २१.७५ वजा करून ७८.२५ गेले म्हणत होती. पण शंभर रुपयांच्या टॉप-अपमध्ये १८ टक्के जीएसटी अंतर्भूत असतो. तो १५ रुपये २५ पैसे होतो. त्याखेरीज ३ रुपये प्रक्रिया शुल्क. जमा होतात ८१ रुपये ७५ पैसे. १८ रुपये २५ पैशांचा उलगडा येथेच झाला आणि दुकानदार निर्दोष ठरला.

उरले नेमके ६० रुपये. कंपनीच्या ॲपमधील व्यवहारांच्या यादीत दोन नोंदी सापडल्या : २ जुलै, ३० रुपये, १ ऑगस्ट, ३० रुपये. दोहोंमध्ये बरोबर तीस दिवस. बँकेत काम केलेल्या माणसाला असे समान अंतर आणि समान रक्कम दिसली की तो म्हणतो, ही चोरी नव्हे, हा स्थायी आदेश आहे. तो मूल्यवर्धित सेवेचा होता. भजने व राशिभविष्य ऐकविणारी ती सेवा ताईने एकदाही वापरली नव्हती. तिला एवढेच आठवत होते की, मध्यंतरी पडद्यावर एक चौकट वारंवार उमटे आणि ती घालविण्यासाठी तिने दोन वेळा "ओके" दाबले होते.

ते दोन वेळा दाबणेच महत्त्वाचे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, जुलै २०१३ च्या निर्देशानुसार अशी सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाचा दुसऱ्यांदा, स्पष्ट होकार घेणे कंपनीला बंधनकारक आहे. हा नियम संरक्षणासाठी आहे. पण त्रासलेले बोट दुसऱ्यांदाही तेच बटण दाबते. अशी चौकट आल्यास "कॅन्सल" दाबावे, किंवा मागे जाण्याची कळ दाबावी.

सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा निःशुल्क क्रमांक आहे. तेथून सेवा बंद झाली. नंतर ग्राहक सेवेकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक वहीत लिहून ठेवला. ऑगस्टचे ३० रुपये परत आले. जुलैचे मिळाले नाहीत. उत्तराने समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत विनाशुल्क अपील करता येते. ते आम्ही केले आहे. ज्यांच्याकडे ॲप नाही, त्यांना मागील सहा महिन्यांपर्यंतचा तपशीलवार हिशेब मागता येतो. त्यासाठी कंपनी ५० रुपयांहून अधिक आकारू शकत नाही. तीस रुपयांसाठी तो मागवावा काय, हे ज्याने त्याने ठरवावे.

येथे थांबणार होतो, तोच नातू म्हणाला, "मामाआजोबा, तिसरेही खाते आहे ना? आजीचे बँकेचे." त्याचे म्हणणे खरे होते. ॲपची सशुल्क वर्गणी फोनच्या शिलकीतून नव्हे, तर बहुधा कार्ड वा यूपीआयमार्फत थेट बँक खात्यातून जाते; ती मोबाइलच्या बिलात शोधून सापडणार नाही. प्ले स्टोअरमध्ये Payments & subscriptions या ठिकाणी पाहिले, तर महिनाभर मोफत म्हणून घेतलेल्या एका ॲपची वर्गणी चालू निघाली. ते ॲप ताईने केव्हाच काढून टाकले होते. पण ॲप काढल्याने वर्गणी रद्द होत नाही. ती तेथेच जाऊन रद्द करावी लागते, आणि यूपीआय ॲपमधील ऑटोपेची यादीही पाहावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या व्यवस्थेत अशी नियमित कपात होण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना पाठवावी लागते. तशी सूचना ताईच्या फोनमध्ये आलीही होती. शेकडो जाहिरातींच्या संदेशांखाली ती न वाचता पडून होती.

ताईने वहीतील तीन रकाने दोनदा वाचले. मग नातवाला जवळ बोलावून ती म्हणाली, "बाळा, तुझा काही दोष नव्हता रे." आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेस तो आजीला तिन्ही खाती दाखवितो आणि ती आकडे वहीत उतरवून घेते.