शेंगाचटणीचा नमुना आणि दुपारचा दीड

आपल्या सोलापुरात बचत गटांच्या बायकांना चटणी करायला शिकवायची गरज नाही. गरज आहे ती हॉटेलवाल्याशी पहिल्यांदा काय बोलायचं, हे सांगायची. प्रशिक्षणं होतात, प्रदर्शनात स्टॉल मिळतो, चार दिवस विक्री होते. पाचव्या दिवशी पुढं काय? हे कुणी सांगत नाही.

मी स्वतः पहिल्यांदा नमुना घेऊन गेले ती दुपारी दीडला. गल्ल्यावर गर्दी, वेटरची पळापळ. मालक म्हणाले, "ठेवा तिथं." आठ दिवसांनी विचारलं तर डबी कुठं गेली ते कुणालाच ठाऊक नाही. चूक माझीच. आता चारला जाते, जेवणं उरकलेली असतात. त्याआधी एवढाच मेसेज टाकते:

"नमस्कार. मी जुळे सोलापुरातून शेंगाचटणी करते. उखळात कुटलेली, वरून तेल नाही. 1 किलोचं पाकीट 340 रुपये, पोच करून. 30 दिवस टिकते. फूड लायसन्स आहे. उद्या चारला नमुना आणू का?"

"घरगुती, चविष्ट, एकदा अवश्य भेट द्या" असलं रंगीत पोस्टर पाठवू नका हो. त्यात भाव नसतो, आणि हॉटेलवाला आधी भावच बघतो.

नमुने दोन न्यायचे. एक कालचा, एक वीस दिवसांचा, दोन्हींवर तारीख लिहून. ताजी चटणी कुणाचीही चांगलीच लागते. मालकाला भीती असते ती खवट होण्याची, आणि आपल्या उन्हाळ्यात ती खरी आहे. शेंगदाणा कच्चट भाजला किंवा लसूण ओला राहिला की आधी वास बदलतो. जुना नमुना आधी घरी हुंगून बघा. तो खवट असेल तर मेसेजमधले 30 दिवस खोडा.

दुकानाचं गणित वेगळं. तिथं 200 ग्रॅमचं पाकीट लागतं, त्यावर वजन, एमआरपी, तारीख, पत्ता आणि 14 आकडी एफएसएसएआय नंबर. माझी एमआरपी 90. दुकानदार 20 टक्के मागतो, म्हणजे हातात 72. घरी येणाऱ्या बाईला मी तेच 75 ला द्यायचे. दुकानदाराचं गिऱ्हाईक माझ्या दारात आलं आणि त्यानं माल परत पाठवला. बरोबरच होतं त्याचं. आता घरीही 90 च. दोन मावश्या रुसल्यात, पण दुकान परत सुरू झालंय.

उधारीचं मात्र अजून जमत नाही. महिन्यानं पैसे म्हटलं की शेंगदाणा आणायला हातात काही उरत नाही. मशीनसाठी कर्ज मागितलं की बँक कोटेशन मागते. या महिनाभराच्या उधारीसाठी खेळतं भांडवल द्या की. पुढच्या प्रशिक्षणाला साहेब आले तर मी हेच विचारणार आहे.