आईच्या आधी बाप : डहाणूचा वारसा कोणी ठरविला?



डहाणू किंवा तलासरीकडे जुन्या जमिनीचा तंटा निघाला की कागदांच्या चळतीत १९५६ पूर्वीचा एखादा फेरफार बहुधा सापडतो. त्या काळचा वारस ज्या ग्रंथावरून ठरे, तो आपल्या आजोबा-पणजोबांनी डोळ्यांनीही पाहिलेला नसेल. त्याचे नाव ‘व्यवहारमयूख’. मूळच्या पैठणच्या, पुढे काशीत स्थायिक झालेल्या घराण्यातील नीलकंठ भट्टाने तो सतराव्या शतकात संस्कृतात रचिला. काशीचा हा ग्रंथ डहाणूच्या शेतबांधावर कसा येऊन पोहोचला, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

१७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालसाठी असे ठरविले की, वारसा, विवाह इत्यादी बाबतींत हिंदूंना शास्त्राचा कायदा लावावा. इंग्रज न्यायाधीशाला संस्कृत येत नसे, म्हणून न्यायालयात पंडित नेमले गेले. आपल्या मुंबई इलाख्यात त्यांना शास्त्री म्हणत. न्यायाधीश प्रश्न लिहून पाठवी, शास्त्री ग्रंथाधार दाखवून उत्तर लिहून देई, आणि त्या उत्तरावर निकाल होई. शास्त्री उत्तर देताना स्वतःच्या विद्येतले ग्रंथ उघडी. वादी-प्रतिवादींच्या वाड्यावस्तीवर जाऊन तेथील चाल विचारणे हे काही त्याचे काम नव्हते.

येथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने न्यायाधीशांना निराळाच क्रम सांगितला होता : आधी सरकारी कायदा, तो नसल्यास त्या मुलखाची रूढी, तीही नसल्यास प्रतिवादीचा कायदा. म्हणजे शास्त्राच्या आधी रूढी! आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनच्या जातींच्या चालीरीती विचारून त्याच साली ग्रंथही सिद्ध केला. पण प्रत्यक्षात घडले ते उलट. ग्रंथ छापील होता. त्याला पुरावा लागत नसे. रूढी मात्र जो सांगेल त्यानेच शाबीत करावयाची, आणि तीही प्राचीन, निश्चित व वाजवी अशी. १८६८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने रूढीचा स्पष्ट पुरावा असल्यास ती ग्रंथवचनापेक्षा वरचढ ठरेल असे म्हटले खरे. परंतु ज्या समाजाला अक्षरच शिकू दिले नव्हते, त्याने शंभर वर्षांच्या चालीचा कागद आणावा कोठून?

१८६४ साली शास्त्र्यांची पदे बंद झाली. त्यांची उत्तरे मात्र राहिली. वेस्ट आणि ब्यूलर यांनी ती निवडून ग्रंथरूपाने छापली, आणि पुढचे न्यायाधीश त्या ग्रंथावर, भाषांतरांवर व आधीच्या निकालांवर विसंबू लागले. पंडित गेला, पंडिताचे मत कायदा होऊन बसले.

याच वाटेने असा नियम रूढ झाला की गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे, मिताक्षरा व मयूख यांत मतभेद असेल तेथे मयूख श्रेष्ठ. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू उत्तर कोकणात पडते. आता उदाहरण घ्या. एक अविवाहित तरुण १९४८ साली वारला. त्याची स्वतंत्र, एकत्र कुटुंबात नसलेली चार एकर जमीन होती. आईबाप दोघेही हयात. तो रत्नागिरीचा असता तर मिताक्षरेप्रमाणे जमीन आईकडे गेली असती. तिचा हक्क हयातीपुरताच, तरी पण तिचा. तोच तरुण डहाणूचा असेल तर मयूखाप्रमाणे बाप आधी. आणि बापाने दुसरे घर केलेले असेल, तर पुढे ती जमीन त्या घरच्या मुलांकडेही जाऊ शकते. एकाच इलाख्यात, एकाच सरकारच्या अमलाखाली दोन आयांचे दोन न्याय!

हा भेद १७ जून १९५६ रोजी हिंदू वारसा कायदा अमलात आल्याने मिटला. आई पहिल्या वर्गाची वारस झाली, बाप दुसऱ्या वर्गात गेला. कायद्याचे नाव हिंदू असले तरी कलम २ प्रमाणे तो बौद्धांनाही लागू आहे. धम्म स्वीकारल्याने आपला वारसाहक्क बुडाला असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका. तथापि अनुसूचित जमातींना, म्हणजे आपल्या शेजारच्या वारली बांधवांना, केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज तो लागत नाही. त्यांच्यावर रूढी शाबीत करण्याचे ओझे अजून आहेच.

तेव्हा जुना फेरफार हाती आला तर प्रथम मृत्यूची तारीख पाहा. ती १७ जून १९५६ पूर्वीची असेल, तर आजचा कायदा मागे जाऊन लागत नाही. मग जमीन एकत्र होती की स्वतंत्र, आणि गाव कोणत्या मुलखात होते, हे वकिलाला आधी सांगा. फेरफार ही महसुलाची नोंद आहे. तिने मालकी सिद्ध होत नाही, म्हणून नाव नसल्याचे पाहून कागद मिटवून ठेवू नका.