रात्री साडेतीनची जाग

ऑफिसातून दमून आल्यावर दोन पेग घेणाऱ्या पुणेकरांशी मला बोलायचं आहे. तुम्ही भांडण करत नाही, कुठे पडत नाही, कामावर दांडी मारत नाही. त्यामुळे तुम्हाला कोणी व्यसनी म्हटलेलं आवडत नाही, आणि मीही म्हणणार नाही. फक्त त्या दोन पेगांचं रात्री शरीरात काय होतं, एवढं शांतपणे ऐकून घ्या. कारण ज्या ताणावर उतारा म्हणून तुम्ही पिता, त्यातला बराच ताण आदल्या रात्रीच्या पिण्यातूनच आलेला असतो.

एक उदाहरण धरू. कोथरूडला राहणारा, हिंजवडीत नोकरी करणारा चाळिशीच्या आतबाहेरचा माणूस. दुपारी एकला डबा खाल्ला, त्यानंतर तीन कप कॉफी. संध्याकाळी साडेसहाला परदेशातल्या क्लायंटचा कॉल, त्यात बोलणी खाल्ली. साडेसातला निघाला, वाकडचा पूल आणि चांदणी चौक पार करून घरी पोचेपर्यंत नऊ. मूल झोपायला आलेलं. साडेनऊला त्याने साठ मिलिलिटरचा पहिला पेग भरला, सोबत चकणा. अकरापर्यंत दुसरा संपला. थोडं जेवला आणि पडल्या पडल्या झोपला. आता हिशेब करू.

आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे साठच्या एका पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम, दोहोंत ४० ग्रॅम. सरासरी माणसाचं यकृत तासाला सात-आठ ग्रॅम निकालात काढतं. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही त्याचा वेग वाढत नाही. साडेनऊला सुरू झालेलं हे काम संपायला पाच-साडेपाच तास लागतात, म्हणजे रात्रीचे तीन वाजतात. बियर म्हणजे दारू नव्हे असं मानणाऱ्यांनीही हा हिशेब करावा. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत तेवढंच, ४० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असतं. क्वार्टरमध्ये ते ६० ग्रॅमवर जातं.

मेंदूत शांत करणारी रसायनं असतात आणि जागं, सावध ठेवणारीही असतात. अल्कोहोल पहिल्यांचा जोर वाढवतं आणि दुसऱ्यांना दाबतं. खांदे सैल पडतात, क्लायंटचा आवाज डोक्यातून जातो. हा आराम खरा असतो, तो खोटा आहे असं सांगून कोणालाही पटणार नाही. पण मेंदू गप्प बसत नाही. तोल सावरण्यासाठी तो सावध ठेवणारी बाजू चढवत नेतो. तीनच्या सुमारास अल्कोहोल संपतं, चढवलेली बाजू मात्र तशीच राहते. मग साडेतीनला जाग येते. छाती धडधडते, घसा कोरडा, अंगाला घाम, आणि डोक्यात उद्याचा रिलीज, गृहकर्जाचा हप्ता, साहेबाने पाठवलेला तो एक मेल. दिवसा जो प्रश्न पेलवतो तो त्या वेळी डोंगराएवढा वाटतो. माणूस समजतो की कामाच्या काळजीने झोप उडाली. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. झोप दारू उतरल्याने उडते, आणि जागा झालेला मेंदू हाताशी असलेली काळजी उचलतो.

शिवाय आधीची झोपही पुरती झोप नसते. दारूने डोळा लवकर लागतो, पण ज्या झोपेत स्वप्नं पडतात आणि दिवसभराच्या भावना निवतात ती झोप रात्रीच्या पहिल्या भागात कमी होते. घोरणं वाढतं, पित्त उसळतं. सकाळी माणूस सात तास झोपूनही चिडचिडा उठतो. कॉफीवर दिवस रेटतो, एका मेलचं उत्तर नको त्या शब्दांत देतो, दोन तासांचं काम चार तासांत करतो आणि संध्याकाळी कालच्यापेक्षा जास्त थकलेला घरी येतो. अशा माणसाला पेग हवासा वाटला तर नवल नाही. काही महिन्यांत मेंदूला सवय होते, साठने भागत नाही. साठाचे नव्वद होतात, मग क्वार्टर. पहाटेची जाग आणि घबराटही त्याच प्रमाणात वाढते.

इथे फसगत होते ती सोडून बघताना. तो माणूस सोमवारी ठरवतो की आठवडाभर घ्यायची नाही. पहिल्या तीन-चार रात्री झोपच लागत नाही, जीव कासावीस होतो. गुरुवारी तो निष्कर्ष काढतो, "मला दारूशिवाय झोप येत नाही, मला तिची गरज आहे." त्या रात्री तो पितो, झोप लागते आणि निष्कर्ष पक्का होतो. खरं तर त्या वाईट रात्री म्हणजे मेंदू पूर्वपदावर येत असल्याची खूण होती. रोज दोन पेग घेणाऱ्याला बहुधा दोन-तीन आठवड्यांत झोपेतला फरक जाणवायला लागतो. म्हणून चाचणी घ्यायची तर चार दिवसांची घेऊ नका, सलग तीन आठवड्यांची घ्या.

पण एक सूचना, आणि ही जपून वाचा. सकाळी हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, किंवा थरथर थांबवायला सकाळीच घोट लागत असेल, तर स्वतःच्या मनाने दारू एकदम बंद करू नका. अशा शरीरात दारू तुटल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, भ्रम आणि जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवसांची औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हा टप्पा सुखरूप पार करता येतो. झोपेच्या गोळ्या मात्र घरात सापडल्या म्हणून घेऊ नका. दारू आणि त्या गोळ्या एकत्र आल्या तर श्वास मंदावतो.

ज्यांची गोष्ट इतकी पुढे गेलेली नाही त्यांनी संध्याकाळी सहा ते रात्री नऊ या वेळेकडे बघावं. आपल्या माणसाने एक ते नऊ काही खाल्लं नव्हतं. व्यसनमुक्तीच्या कामातले लोक सांगतात की भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा सांभाळा. त्यातली भूक सर्वात सोपी आणि सर्वात दुर्लक्षित. कॉलच्या आधी, सहाच्या सुमाराला, राखून ठेवलेली पोळी-भाजी, दोन उकडलेली अंडी किंवा शेंगदाणे-गूळ आणि केळं पोटात गेलं तर नऊ वाजताची ओढ निम्मी होते, असं अनेकांना जाणवतं. दुपारी तीननंतर कॉफी नको. निघण्यापूर्वी पाच मिनिटं काढून उद्याची पहिली तीन कामं कागदावर लिहा आणि लॅपटॉप मिटा. लिहिलेलं काम डोक्यात तेवढं घोळत नाही.

घरी आल्यावर आधी आंघोळ, कपडे बदला आणि लगेच जेवा. पिऊन मग जेवायचं हा क्रम मोडणं हीच अर्धी लढाई आहे. भरल्या पोटी पेगची चव आणि ओढ दोन्ही उतरतात. बाटली घरात ठेवू नका. ओढ आली की ती कायमची राहणार असं वाटतं, पण ती चढते आणि बहुधा वीस-तीस मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळाची सोय आधीच करून ठेवावी लागते. जेवणानंतर सोसायटीत किंवा उजेडाच्या रस्त्यावर अर्धा तास चालणं पुरतं. एआरएआयची टेकडी, तळजाई, पर्वती हे पहाटेसाठी आणि रविवारसाठी ठेवा, अंधारात टेकडीचा आग्रह नको. चालवत नसेल तर पाच मिनिटं बसून चार आकड्यांत श्वास घ्या आणि सहा आकड्यांत सोडा. लांब सोडलेल्या श्वासाने धडधड उतरते. साडेतीनला जाग आली तरी हेच करा, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

आठवड्यातून दोन संध्याकाळी असं काहीतरी ठरवा जिथे तुम्ही आला नाहीत तर कोणीतरी फोन करेल. बॅडमिंटनचं कोर्ट, तबल्याचा क्लास, काहीही. एकट्याने केलेला निश्चय दमलेल्या रात्री टिकत नाही, माणसं टिकवतात. "बसायचं का?" असं मित्राने विचारलं तर कारणं देऊ नका, कारणांवर वाद होतो. "आज नको, रविवारी सकाळी मिसळीला भेटू," एवढं पुरे. आणि काम खरोखरच माणसाच्या ताकदीबाहेरचं असेल तर ते वरिष्ठांशी बोलून कमी करून घ्यावं लागेल. बारा तासांच्या पाळीवर श्वासाचा व्यायाम हे उत्तर नव्हे.

तीन आठवडे जमले नाहीत, किंवा ठरवलेल्या दोनाचे दर वेळी चार होत असतील, तर मदत घ्या. या बाबतीत पुणेकर भाग्यवान आहेत. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये येरवड्याला मुक्तांगण सुरू केलं. आधी गर्दच्या व्यसनासाठी असलेल्या त्या केंद्रात पुढे दारूचे रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले. औषधांबरोबर तिथे योग, कला आणि गटातलं बोलणं हे उपचाराचे भाग आहेत, आणि स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसं तिथे इतरांना सोबत करतात. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मराठी सभा पुण्यात मोफत चालतात, तिथे नावही सांगावं लागत नाही. ससूनमध्ये मनोविकार विभाग आहे. आधी फोनवरच बोलायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे सरकारी क्रमांक विनाशुल्क आहेत.

घरच्यांना एक विनंती. रात्री प्यालेल्या माणसाशी या विषयावर बोलू नका, ते त्याच्या लक्षात राहत नाही आणि तुमच्या लक्षातून जात नाही. सकाळी, चहाच्या वेळी, कालची एखादी ठोस गोष्ट सांगा, "काल बाळ तुमची वाट बघून झोपलं." त्याच्या वतीने ऑफिसला खोटे फोन करू नका. आणि तो जायला तयार नसेल तर तुम्ही आधी जा. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे, अल-अॅनॉनच्या सभा कुटुंबीयांसाठीच असतात. तिथे जायला त्याची परवानगी लागत नाही.